पोटातल्या बाळाच्या किडनीला ‘सूज’: विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टपासून सव्वा महिन्यानंतरच्या सोनोग्राफीपर्यंत

अ‍ॅनोमली स्कॅनचा रिपोर्ट हातात येतो. हृदय ठीक, मेंदू ठीक, मणका ठीक, आणि मग मधेच एक ओळ: डाव्या रीनल पेल्व्हिसचा एपी डायमीटर ५.२ मिमी, माइल्ड पायलेक्टेसिस, फॉलोअप सुचवला आहे. कोणी हायड्रोनेफ्रोसिस लिहितं, कोणी पेल्व्हिकॅलिसियल डायलेटेशन. घरी पोचेपर्यंत त्याचं मराठीत एकच भाषांतर झालेलं असतं, ‘बाळाच्या किडनीला सूज आहे’. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे आणि हा शब्द मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. आजी विचारतात, “डॉक्टर, सूज उतरायला काही देत नाही का?” देत नाही, कारण ही सूजच नाही.

हा लेख नुकताच असा रिपोर्ट मिळालेल्या आईबाबांसाठी आहे. एका बाजूची, सौम्य रुंदी आणि बाकी सगळं नीट, हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार मी धरला आहे, कारण घोळही त्यातच सर्वांत जास्त होतात. समजायला सोपं जावं म्हणून एक बाळ शेवटपर्यंत सोबत घेऊ. आई पुण्यात नोकरी करते, माहेर लातूरचं, पहिलं बाळंतपण. विसाव्या आठवड्यात डावी बाजू ५.२ मिमी, उजवी ३ मिमी.

रुंद झालंय ते काय

किडनीच्या आतल्या बाजूला एक नरसाळं असतं. किडनी लघवी तयार करते, ती आधी छोट्या छोट्या पेल्यांत उतरते, त्यांना कॅलिसेस म्हणतात. सगळे पेले नरसाळ्यात रिकामे होतात आणि नरसाळ्याच्या नळीतून, म्हणजे मूत्रवाहिनीतून, लघवी खाली मूत्राशयात जाते. हे नरसाळं म्हणजे रीनल पेल्व्हिस. त्यात नेहमीपेक्षा थोडी जास्त लघवी साठलेली दिसली की रिपोर्टमध्ये ती ओळ येते. जंतुसंसर्ग नाही, दाह नाही, दुखणं नाही. म्हणून सूज उतरवायचं औषध नाही. आईने पाणी कमी पिऊन किंवा पथ्य करूनही ते कमी होत नाही. गरोदर बाईचं पाणी तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करा.

साठते का? पोटातलं बाळ भरपूर लघवी करतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळाभोवतीचं पाणी हे बहुतांशी त्याचीच लघवी असते. त्यात नरसाळं आणि नळी जिथे जुळतात तो भाग अजून कोवळा, घड्या असलेला असतो. प्रवाह जास्त आणि वाट जरा अरुंद, म्हणून पाणी तुंबल्यासारखं दिसतं. पुढे वाट मोकळी होते आणि बहुतेक बाळांत हे आपोआप जातं. काही थोड्या बाळांत मात्र खरं कारण निघतं. जोडावरच अडथळा असतो, किंवा मूत्राशयातली लघवी उलटी वर चढते, किंवा खालच्या टोकाला नळी अरुंद असते. पोटात असताना या सगळ्यांचं चित्र सारखंच दिसू शकतं. पुढच्या सोनोग्राफ्या करायच्या त्या यांना वेगळं ओळखण्यासाठी.

पहिली पायरी: आकडा कसा घेतला ते पाहा

एपीडी म्हणजे पुढून मागे मोजलेली रुंदी. बाळाच्या पोटाचा आडवा छेद पडद्यावर घेतात, काकडीची चकती कापावी तसा. त्या चकतीत मणका घड्याळातल्या बाराच्या किंवा सहाच्या जागी यायला हवा, म्हणजे बाळ पालथं किंवा उताणं दिसायला हवं. दोन्ही किडन्या मणक्याच्या दोन बाजूंना येतात आणि ध्वनिलहरी नरसाळ्यातून सरळ पुढून मागे जातात. मग नरसाळं किडनीच्या मांसल भागाच्या आत जिथे सर्वांत रुंद आहे, तिथल्या काळ्या दिसणाऱ्या द्रवाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजतात.

चुका नेमक्या कुठे होतात? मणका तीन किंवा नऊच्या जागी असला, म्हणजे बाळ कुशीवर असलं, की कडा धूसर येतात आणि एका किडनीवर मणक्याची सावली पडते. उभ्या छेदात मोजलं तर वेगळाच आकडा येतो आणि त्याची तुलना कुठल्याच तक्त्याशी करता येत नाही. काही बाळांचं नरसाळं मुळातच किडनीच्या बाहेर डोकावणारं असतं. बाहेरच्या फुगीर भागावर मोजलं तर आकडा उगाच वाढतो. आणखी एक साधी गोष्ट. बाळाची लघवीची पिशवी गच्च भरलेली असेल तर वरची नरसाळी थोडी फुगलेली दिसू शकतात. पोटातलं बाळ पिशवी वरचेवर रिकामी करतं, म्हणून चांगला सोनोलॉजिस्ट थोडा थांबतो, आईला जरा चालून यायला सांगतो आणि परत मोजतो. तुम्हाला बाहेर बसवून पुन्हा आत बोलावलं तर घाबरू नका, काम नीट चाललं आहे असं समजा.

आपण मिलिमीटरच्या दशांशात बोलतोय हेही ध्यानात ठेवा. तेच मशीन, तोच डॉक्टर, दहा मिनिटांचं अंतर, तरीही आकडा अर्ध्या-एक मिलिमीटरने हलू शकतो. ५.२ चे ५.८ झाले तर ती वाढ नव्हे.

दुसरी पायरी: आकडा आठवड्याशेजारी ठेवा

एकटा आकडा मुका असतो. सात मिलिमीटर विसाव्या आठवड्यात वेगळी गोष्ट आहे आणि छत्तिसाव्यात वेगळी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी, मातृगर्भवैद्यक, बालमूत्ररोग आणि बालवृक्करोग अशा वेगवेगळ्या शाखांच्या संघटनांनी एकत्र बसून एक वर्गवारी ठरवली. तिला यूटीडी म्हणतात आणि आपल्याकडचे बरेच रिपोर्ट आता तीच वापरतात. तिचा सांगाडा लहान आहे. १६ ते २७ आठवड्यांत ४ मिमीच्या खाली असेल तर नॉर्मल. २८ आठवड्यांपासून पुढे ७ मिमीच्या खाली नॉर्मल. जन्मानंतर १० मिमीच्या खाली नॉर्मल.

त्यावरची पायरी ए१, म्हणजे कमी जोखीम. २७ आठवड्यांपर्यंत ४ ते ७ च्या आत, आणि २८ पासून ७ ते १० च्या आत. त्याहून जास्त असेल तर ए२-३, म्हणजे वाढीव जोखीम. आपलं बाळ विसाव्या आठवड्यात ५.२ वर आहे, म्हणजे ए१. उजवी बाजू ३ मिमी, म्हणजे नॉर्मल.

पण ए१ चा शिक्का फक्त आकड्यावर बसत नाही. डॉक्टर आणखी काही गोष्टी तपासतात आणि त्यातली एक जरी बिघडलेली असली तरी आकडा लहान असून बाळ ए२-३ मध्ये जातं. बाहेरच्या कडेचे पेलेही फुगलेत का? किडनीचा मांसल थर पातळ झालाय का, त्यात ठिपके किंवा गाठी दिसतात का? मूत्रवाहिनी एरवी सोनोग्राफीत दिसत नाही, ती दिसतेय का? मूत्राशयाची भिंत जाड आहे का? आणि बाळाभोवतीचं पाणी कारण नसताना कमी आहे का? रिपोर्टमध्ये या पाच गोष्टींचा उल्लेख शोधा. सापडला नाही तर विचारा. माझ्या मते ५.२ या आकड्यापेक्षा ‘मूत्राशय नॉर्मल, पाणी पुरेसं’ या शब्दांत जास्त माहिती आहे.

इथे एक आपल्याकडचा मुद्दा. मूत्रमार्गात पडदा असण्याचा एक गंभीर आजार फक्त मुलग्यांत होतो, आणि इंटरनेटवर वाचून काही जण सोनोग्राफी करणाऱ्याला आडून आडून विचारू लागतात. पीसीपीएनडीटी कायद्याने बाळाचं लिंग सांगायला बंदी आहे आणि इथे ते तुम्हाला कळण्याची गरजही नाही. त्या आजाराची खूण मूत्राशयात दिसते, आणि मूत्राशय प्रत्येक बाळाचं पाहतातच.

मधला प्रश्न: डाऊन सिंड्रोम

किडनीच्या नरसाळ्याची रुंदी ही डाऊन सिंड्रोमच्या ‘सॉफ्ट मार्कर’च्या यादीत आहे, म्हणून हा प्रश्न येतोच. एकटी दिसणारी रुंदी ही त्या यादीतली दुबळी खूण आहे. तुमची पहिल्या तिमाहीची तपासणी किंवा एनआयपीटी कमी जोखमीची आली असेल आणि स्कॅनमध्ये दुसरं काहीच नसेल, तर केवळ या एका ओळीसाठी आणखी जनुकीय चाचण्या लागत नाहीत. आधी काहीच तपासणी झालेली नसेल तर आपल्या डॉक्टरांशी रक्ताच्या चाचणीबद्दल बोला. या ओळीवरून थेट पोटातलं पाणी काढायला निघू नका.

तिसरी पायरी: बत्तिसावा आठवडा

ए१ बाळासाठी पोटात असताना आणखी एकच स्कॅन पुरतो, ३२ आठवड्यांनंतर. दर पंधरा दिवसांनी मोजत बसण्यात अर्थ नाही, मन तेवढं थकतं. ए२-३ असेल तर मात्र चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा पाहतात, आणि जन्माआधीच बालमूत्ररोगतज्ज्ञांशी किंवा मुलांच्या किडनीतज्ज्ञांशी एकदा बोलणं बरं.

आपल्या बाळाचा बत्तिसाव्या आठवड्याचा स्कॅन: डावी ८.६, उजवी ४. पेले फुगलेले नाहीत, मूत्राशय आणि पाणी ठीक. घरच्यांनी ५.२ शेजारी ८.६ ठेवलं आणि घाबरले. पण बाळही वाढलंय, किडनीही वाढलीय आणि मोजपट्टीही बदललीय. ७ ते १० च्या आत, म्हणजे बाळ अजून ए१ मध्येच आहे. समजा हाच आकडा ६ आला असता, तर विसाव्या आठवड्यापेक्षा मोठा असूनही तो नॉर्मल ठरला असता. अशा वेळी बहुतेकांचा पाठपुरावा तिथेच संपतो.

प्रत्यक्षात किती बाळांत पुढे काही निघतं? २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा सौम्य गटात सुमारे १०० पैकी १२ बाळांत जन्मानंतर काही ना काही दोष सापडला. तीव्र गटात तेच प्रमाण ८८ होतं. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवले की ‘काही होत नाही, सोडून द्या’ म्हणणारेही चुकतात आणि रडत बसणारेही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. एका बाजूच्या रुंदीसाठी प्रसूती लवकर करायची नसते आणि सिझेरियनही लागत नाही. नवव्या महिन्यात ‘किडनीला सूज आहे, बाळ लवकर काढू’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे कारण विचारा. पाणी कमी झालंय का, दुसरं काही आहे का? फक्त आकड्यासाठी असेल तर दुसरं मत घ्या.

चौथी पायरी: माहेरी जाताना फाइल

सगळ्यात जास्त बाळं हातातून निसटतात ती इथे. स्कॅन पुण्यात, बाळंतपण लातुरात. सातव्या महिन्यात ओटीभरण होतं, मुलगी माहेरी येते, फाइल पुण्याच्या कपाटात राहते. लातूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे शेवटचा एक स्कॅन असतो आणि त्यात बाळाचं वजन आणि ठेवण एवढंच पाहिलेलं असतं. बाळ जन्मतं, गुटगुटीत असतं, रडतं, दूध ओढतं. त्याला तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला किडनीबद्दल कळायला काही मार्गच नसतो, कारण बाळाकडे बघून हे दिसत नाही.

म्हणून तीन कामं करा. दोन्ही स्कॅनचे रिपोर्ट आणि चित्रं यांचे फोटो काढून ठेवा, कारण त्या चकचकीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते. माहेरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत केसपेपरच्या वरच्या बाजूला लिहायला सांगा: डाव्या किडनीची रुंदी, ३२ आठवड्यांना ८.६, जन्मानंतर सोनोग्राफी हवी. आणि बाळ जन्मल्यावर जो कोणी बालरोगतज्ज्ञ ते बघायला येईल, त्याला हे स्वतःच्या तोंडाने सांगा. आई दमलेली असते, म्हणून हे काम बाबांचं किंवा आजीचं.

पाचवी पायरी: जन्मानंतर कधी

ही पायरी नीट वाचा. जन्मानंतरचे पहिले दोन दिवस बाळ जरा कोरडं असतं. चीक थोडाच येतो, किडनी अजून पूर्ण वेगाने गाळत नाही, लघवी कमी होते. पाणीच कमी आलं तर नरसाळं फुगेल कशाने? त्यामुळे पहिल्या ४८ तासांत केलेली सोनोग्राफी रुंदी कमी दाखवते, कधीकधी पूर्ण नॉर्मलही दाखवते.

आपल्या बाळाचं तेच झालं. रुग्णालयाला डिस्चार्जच्या आधी सगळं उरकायचं होतं. अठराव्या तासाला सोनोग्राफी झाली. डावी ४ मिमी. ‘नॉर्मल आहे, आता काही नको.’ पेढे वाटले गेले.

यूटीडी वर्गवारीप्रमाणे ए१ बाळाची पहिली सोनोग्राफी ४८ तासांनंतर ते एक महिन्याच्या आत करावी. इंडियन सोसायटी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक नेफ्रॉलॉजीच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना पहिला आठवडा सांगतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. आपल्याकडे मला तेच सोयीचं वाटतं. पाचव्या-सहाव्या दिवशी कावीळ आणि वजन दाखवायला बाळाला आणावंच लागतं, त्याच फेरीत सोनोग्राफी उरकते. उपाशी ठेवायचं नाही. उलट दूध पाजून आणा, पोट भरलेलं बाळ झोपतं आणि लघवीही होते.

याला अपवाद आहेत, आणि ते पक्के लक्षात ठेवा. दोन्ही किडन्या बऱ्याच फुगलेल्या असतील, किडनी एकच असेल, पोटातलं पाणी कमी होतं असं लिहिलेलं असेल, किंवा मूत्राशयाची भिंत जाड दिसली असेल, तर आठवडाभर थांबायचं नाही. त्या बाळांची तपासणी पहिल्या २४ ते ४८ तासांत, रुग्णालयातच होते. मुलगा असेल तर लघवीची धार कशी पडते ते पाहा. थेंबथेंब येते की कमान करून लांब जाते? अंघोळ घालणाऱ्या मावशी हे आपल्या सगळ्यांपेक्षा आधी पाहतात, त्यांना विचारा. थेंबथेंब येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रक्ताच्या तपासणीबद्दलही लोक विचारतात. एका बाजूची रुंदी असेल आणि दुसरी किडनी निरोगी असेल तर क्रिएटिनिन करायची गरज सहसा नसते. पहिल्या दिवशी तर मुळीच नको, कारण तेव्हा बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन हे बरंचसं आईचंच असतं.

सहावी पायरी: सव्वा महिना झाला की

पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुसरी चुकवायची नाही. ती चार ते सहा आठवड्यांच्या दरम्यान करतात. आपल्याकडे हे अगदी सहज लक्षात राहण्यासारखं आहे. सव्वा महिना होतो, बाळंतीण घराबाहेर पडू लागते, दीड महिन्याची लस जवळ आलेली असते. लसीच्या त्याच आठवड्यात सोनोग्राफी लावा. दोन्ही सोनोग्राफ्या नॉर्मल आल्या तर पाठपुरावा थांबवता येतो.

आपल्या बाळाच्या आजोबांनी बारशानंतर सहज फाइल काढली आणि त्यात पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली ‘६ आठवडे’ ही नोंद त्यांना दिसली, म्हणून बाळ माझ्यासारख्या कुणाकडे पोचलं. डावी १३ मिमी, मधले पेले थोडे फुगलेले, मांसल थर चांगला, मूत्रवाहिनी दिसत नाही, मूत्राशय ठीक. घरच्यांचा प्रश्न साहजिक होता, “चारचे तेरा झाले? इतकं वाढलं?” वाढलं नव्हतं. अठराव्या तासाचे चार हे कोरड्या बाळाचे चार होते. ते बाजूला ठेवा, म्हणजे गोष्ट सरळ होते: ३२ आठवड्यांना ८.६, सहा आठवड्यांच्या बाळाला १३, म्हणजे रुंदी आहे आणि सौम्य आहे.

जन्मानंतरची वर्गवारी तीन पायऱ्यांची आहे. १० ते १५ मिमीच्या आत, आणि पेले फुगलेले असतील तर फक्त मधले, हे पी१. १५ किंवा त्याहून जास्त, किंवा बाहेरच्या कडेचे पेले फुगलेले, किंवा मूत्रवाहिनी रुंद, हे पी२. मांसल थर पातळ किंवा बिघडलेला, किंवा मूत्राशय बिघडलेलं, हे पी३. शिक्का सर्वांत वाईट खुणेवरून बसतो, सरासरीवरून नाही. आपलं बाळ पी१. त्याची पुढची सोनोग्राफी एक ते सहा महिन्यांत. पी२ असतं तर एक ते तीन महिन्यांत. पी३ असतं तर महिन्याभरात, आणि तज्ज्ञाच्या हाताखाली.

मोठ्या चाचण्या कोणाला

दोन नावं कानावर येतील. एमसीयू म्हणजे बारीक नळीने मूत्राशयात डाय भरून, बाळ लघवी करत असताना एक्स-रे काढणं. लघवी उलटी वर जाते का आणि मूत्रमार्गात पडदा आहे का हे त्यात दिसतं. बाळाला त्रास होतो आणि नळी घातल्याने संसर्गाची थोडी शक्यता असते, म्हणून ती सरसकट करायची नसते. पी३ बाळांना, मूत्रवाहिनी रुंद असेल तर, किंवा तापासह लघवीचा संसर्ग होऊन गेला असेल तर ती करतात. पी१ मध्ये एरवी मी सांगत नाही.

दुसरी रीनल स्कॅन, बऱ्याच ठिकाणी तिला ईसी स्कॅन म्हणतात. शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी औषध देऊन दोन्ही किडन्या किती टक्के काम करतात आणि लघवी किती वेगाने खाली उतरते हे बघतात. ती सहा ते आठ आठवड्यांच्या आधी केली तर किडनी अजून कोवळी असल्याने निकाल फसवा येतो. रुंदी खूप असेल किंवा प्रत्येक सोनोग्राफीत वाढत असेल तरच ती लागते. ऑपरेशनचा विचारही एका चाचणीवर होत नाही. लघवी उतरत नाहीये आणि त्या किडनीचा कामातला वाटा ३५ ते ४० टक्क्यांच्या खाली आहे किंवा घसरत चाललाय, असं दिसलं तर सर्जन पायलोप्लास्टी सुचवतात. अरुंद जोड कापून काढून नरसाळं आणि नळी पुन्हा शिवतात.

रोज रात्री प्रतिजैविकाचा छोटा डोस द्यायचा का, यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. पी३ ला देतात. मधल्या गटात बाळ पाहून ठरवतात. सौम्य, एका बाजूच्या, मूत्रवाहिनी न दिसणाऱ्या बाळाला मी देत नाही.

घरी काय पाहायचं

एकच गोष्ट, ताप. तीन महिन्यांखालच्या कुठल्याही बाळाला काखेत ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरकडे जायचं असतं. या बाळांत तर तीन महिन्यांनंतरही, सर्दी-खोकला नसताना ताप आला, दूध सोडलं, उलट्या झाल्या, तर आधी लघवीचा विचार करायचा. गुटी उगाळून सकाळपर्यंत थांबू नका.

दवाखान्यात गेल्यावर किडनीची गोष्ट आधी सांगा आणि एक विनंती करा: प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर पाठवा. नमुना कसा घेतला यालाही महत्त्व आहे. चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जमवलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि नसलेला संसर्ग असल्यासारखा दिसतो. मग बाळाला नको ती औषधं आणि नको ती एमसीयू होते. लहान बाळात बारीक नळीने घेतलेला, किंवा धार सुरू असताना मधेच निर्जंतुक डबीत पकडलेला नमुना भरवशाचा. डबी घेऊन पंधरा-वीस मिनिटं बाळासमोर बसावं लागतं, आणि पहिल्या दोन धारा हमखास बाबांच्या शर्टावर जातात.

आपल्या बाळाला पहिल्या वर्षात एकदाच ताप आला, पाचव्या महिन्यात. लघवीचं कल्चर स्वच्छ निघालं, तो साधा व्हायरल होता. चौथ्या महिन्याच्या सोनोग्राफीत डावी ११ मिमी होती. दहाव्या महिन्यात ८, पेले नॉर्मल, दोन्ही किडन्यांची लांबी सारखी. पुढची तारीख दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराची लिहून दिली आहे, आणि यावेळी ती पुण्याच्या आणि लातूरच्या दोन्ही फायलींत आहे.